एकच कापूस, चार विणी : शर्ट का चुरगळतो, का उबतो, का टोचतो?

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. परिपाठाच्या वेळी गणवेश तपासताना सातवीतल्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शर्टाला इस्त्री का नाही?" तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, आईनं सकाळीच केलीय." मला ते खरं वाटलं नाही. शर्ट पार चुरगळलेला होता. पुढे पालकसभेला त्याची आई आली. बोलताना तिनं एवढंच सांगितलं, की मुलाला टेरीकॉटनं घामोळं उठतं, म्हणून ती शुद्ध सुती पॉपलीन आणून शर्ट शिवून घेते. रोज सकाळी इस्त्री करते, पण पाठीवर दप्तर आणि त्यात पावसाळी घाम, शाळेत पोचेपर्यंत शर्टाचा बोळा झालेला असतो.

चूक मुलाची नव्हती, आईचीही नव्हती. कापडाचा तो स्वभावच होता आणि मला तो माहीत नव्हता. तेव्हापासून कापडाची वीण हा विषय मी वर्गात घ्यायला लागले. तोच आज तुमच्यासमोर मांडते. पॉपलीन, ट्विल, ऑक्सफर्ड आणि सिअरसकर ही चारही कापडं निव्वळ कापसाची असू शकतात. तरी एक चुरगळतं आणि दुसरं फारसं नाही, एक अंगाला चिकटतं आणि दुसरं सुटं राहतं. हा फरक मुख्यतः धागे एकमेकांत कसे गुंतवले आहेत, यातून येतो.

आधी हे पाहू : सुती कापड चुरगळतंच का?

ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केस नागमोडी होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सुती कापडाचं जवळजवळ तसंच आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या शेजारच्या साखळ्यांना हलक्या बंधांनी धरून असतात. त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. पाणी शिरलं की हे बंध सैल होतात. तेवढ्यात कापड दुमडलं तर साखळ्या थोड्या सरकतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा बंध धरतात. म्हणजे सुरकुती तिथे पक्की बसते.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, नुसत्या दाबानंही सुरकुती पडते, पण ओलावा आणि ऊब असली की ती जास्त पक्की बसते. म्हणून पाठीवर दप्तर आणि आत घाम असला की शर्ट सर्वांत जास्त चुरगळतो. दुसरी, इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो तेही याच कारणानं. ओलाव्यानं बंध सैल करायचे, दाबून कापड सपाट करायचं आणि उष्णतेनं त्याच अवस्थेत वाळवायचं. सुरकुती आणि इस्त्री ही एकाच क्रियेची दोन रूपं आहेत.

आता तंतू सगळीकडे सारखाच असेल, तर विणीनं फरक कसा पडतो? त्यासाठी कागदाच्या पट्ट्या घ्या.

पट्ट्यांचा खेळ

दोन रंगांच्या प्रत्येकी १२ पट्ट्या कापा. एका रंगाच्या पट्ट्या उभ्या लावा. हे उभे धागे, म्हणजे ताणा. दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या आडव्या ओवायच्या, तो बाणा. आडवी पट्टी वरून खाली किंवा खालून वर किती वेळा जाते, ते मुलांना मोजायला सांगा. आपण याला "गुंतण" म्हणू. काठावर एखादी कमी-जास्त येईल, तिकडे लक्ष देऊ नका.

पहिली वीण : एकावरून, एकाखालून. दर १२ उभ्या पट्ट्यांमागे १२ गुंतणी येतात. ही साधी वीण. मांजरपाट, मलमल आणि पॉपलीन या सगळ्यांची वीण हीच.

दुसरी वीण : दोनांवरून, दोनांखालून, आणि पुढच्या ओळीत एक घर सरकून पुन्हा तेच. १२ मागे ६ गुंतणी. मुलांना लगेच तिरप्या रेघा दिसायला लागतात. हे ट्विल.

तिसरी वीण : उभ्या पट्ट्या दोन-दोनच्या जोडीनं धरायच्या आणि आडवी एकेक पट्टी जोडीवरून, जोडीखालून न्यायची. आडव्या पट्टीला १२ मागे ६ गुंतणी, उभ्या पट्टीला मात्र पूर्ण १२. ही ऑक्सफर्डची वीण.

आता तयार झालेल्या चटया हातात घेऊन पट्ट्या सरकवून पाहायला सांगा. साध्या विणीतली पट्टी हलत नाही. ट्विलमधली सरकते. आजच्या लेखाचं मर्म इथेच आहे. कापड दुमडलं की धाग्यांवर ताण येतो. धागा थोडा सरकू शकला तर तो ताण आजूबाजूला पसरतो आणि घडी गोलसर पडते. धागा जागच्या जागी आवळलेला असेल तर सगळं वाकणं एका रेषेत येतं आणि घडी धारदार पडते. शिवाय प्रत्येक गुंतणीपाशी धाग्यावर धागा घासतो. कापड परत उलगडू पाहतं तेव्हा हेच घर्षण त्याला अडवतं. गुंतणी जास्त असतील तर सुरकुती जास्त वेळ टिकते.

पॉपलीन : गुळगुळीत, हलकं आणि हमखास चुरगळणारं

पॉपलीनची वीण साधी असली तरी एक गंमत आहे. त्यात उभे धागे आडव्यांपेक्षा खूप जास्त असतात. बाजारात नेहमी मिळणाऱ्या एका पॉपलीनची मांडणी पाहा : दोन्ही बाजूंनी ४० नंबरचं सूत, एका इंचात १३३ उभे धागे आणि ७२ आडवे. सुताचा नंबर म्हणजे बारीकपणा. ८४० वारांची एक लड धरली, तर एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, अशा ४० लडी बसतात ते ४० नंबरचं सूत. गुणाकार केला तर एका पौंडात जवळजवळ ३१ किलोमीटर धागा होतो! नंबर वाढला की सूत बारीक होतं. वर्गात हे गणित जरूर करून घ्या, मुलांचे डोळे विस्फारतात.

उभे बारीक धागे असे दाटीनं बसल्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो. भिंगातून पाहिलं तर आडव्या, अगदी नाजूक कण्या दिसतात. हाताला कापड थंड आणि सरळ लागतं, कारण गुळगुळीत कापडाचा त्वचेला जास्त भागात स्पर्श होतो आणि अंगातली उष्णता पटकन त्यात जाते. वजनालाही ते हलकं असतं. वरच्या मांडणीचं कापड चौरस मीटरला साधारण १२० ग्रॅम भरतं. इस्त्री केल्यावर त्याच्याइतकं रेखीव दुसरं काही दिसत नाही.

पण तोच गुळगुळीतपणा घाम आला की उलटतो. ओलं पॉपलीन अंगाला चिकटतं. आणि गुंतणी सर्वांत जास्त, कापड पातळ, म्हणून सुरकुत्या धारदार पडतात. वर पृष्ठभाग सपाट असल्यामुळे बारीकशी सुरकुतीही लांबून दिसते. माझ्या विद्यार्थ्याच्या शर्टाचं नेमकं हेच झालं होतं.

ट्विल : मऊ पडतं, पण उबदार का?

ट्विल ओळखायला सोपं. तिरप्या रेघा शोधा. घरातली जीन्स पँट हे सर्वांत जवळचं उदाहरण. डेनिममध्ये बहुधा तीन-एकची वीण असते. उभा निळा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून. म्हणून बाहेरून पँट निळी आणि उलटी केली की आतून पांढरट दिसते. शर्टाच्या ट्विलमध्ये सूत खूप बारीक असतं, रेघाही बारीक असतात, पण तत्त्व तेच.

गुंतणी कमी असल्यामुळे ट्विल अंगावर मऊ पडतं, कडक उभं राहत नाही. पृष्ठभागावर धागा जास्त लांब दिसतो म्हणून किंचित चमकही येते. सुरकुत्या कमी पडतात आणि पडल्या तरी तासाभर हँगरला लावल्यावर बऱ्याच सुटतात. याची दुसरी बाजू अशी, की कडक क्रीझ हवी असेल तर ती ट्विलवर पॉपलीनइतकी टिकत नाही.

उबेच्या बाबतीत मात्र एक गैरसमज होतो. "ट्विल गरम असतं" असं सरसकट म्हणतात. खरं तर त्याच सुताचे तेवढेच धागे घेऊन ट्विल विणलं तर ते साध्या विणीपेक्षा सैल होईल आणि त्यातून वारा जास्त खेळेल. पण गिरणी तसं विणत नाही. गुंतणी कमी म्हणजे धागे जवळ सारायला जागा जास्त. ती जागा वापरून इंचात जास्त धागे बसवतात. त्यामुळे कापड दाट, जड होतं, वारा अडतो आणि आत हवा कोंडून राहते. ऊब येते ती या दाटपणामुळे, तिरप्या रेघांमुळे नाही. म्हणून दुकानात ट्विल हातात घेतलं की ते उजेडासमोर धरा. बोटं दिसत असतील तर ते उन्हाळ्यातही चालेल. अजिबात उजेड येत नसेल तर ते हिवाळ्यासाठी ठेवा.

ऑक्सफर्ड : जाडसर, पण वारा खेळतो

ऑक्सफर्डमध्ये जोडीनं चालणारे उभे धागे बारीक असतात आणि आडवा धागा जाडसर. बहुतेक वेळा उभे धागे रंगीत आणि आडवे पांढरे ठेवतात. म्हणून निळा ऑक्सफर्ड शर्ट जवळून पाहिला की निळे-पांढरे ठिपके दिसतात आणि लांबून फिकट निळा. मुलांना फोनच्या कॅमेऱ्यानं मोठं करून दाखवा, चटईसारखी वीण स्पष्ट दिसते. नावाची कथाही गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या एका गिरणीनं आपल्या चार कापडांना चार विद्यापीठांची नावं दिली, ऑक्सफर्ड, केंब्रिज, हार्वर्ड आणि येल, आणि त्यातलं एकच टिकलं, असं सांगतात.

हाताला ऑक्सफर्ड खडबडीत लागतं आणि धुवून धुवून मऊ होत जातं. वजनाला ते पॉपलीनपेक्षा जड असतं. मग ते गरम व्हायला हवं ना? इथे पोत आडवा येतो. जाड धाग्यांच्या चटईत बारीक फटी राहतात आणि पृष्ठभाग उंचसखल असल्यानं कापड त्वचेला ठिकठिकाणीच टेकतं. त्यामुळे वजनाच्या मानानं ते मोकळं वाटतं. तरी मे महिन्यातल्या दुपारी पातळ पॉपलीनच हलकं वाटेल, हेही खरं.

सुरकुत्या ऑक्सफर्डवरही पडतात, पण जाड धागा एका रेषेत मोडत नाही, वळतो. घडी बोथट पडते आणि ठिपक्यांच्या पोतात लपून जाते. म्हणजे इथे दोन गोष्टी एकत्र काम करतात. सुरकुती थोडी कमी पडते आणि पडलेली कमी दिसते.

सिअरसकर : आधीच चुरगळलेलं कापड

हे कापड आपल्याकडे नावानं कमी ओळखतात, पण पाहिलं तर लगेच लक्षात राहील. एक पट्टा सपाट, शेजारचा फुगलेला आणि चुण्यांचा, अशी रांग. नाव मूळचं फारसी, शीर-ओ-शकर, म्हणजे दूध आणि साखर. सपाट पट्टा दुधासारखा, खरखरीत पट्टा साखरेसारखा. शीरखुर्म्यातला "शीर" तो हाच, आणि आपल्या क्षीर आणि शर्करा या शब्दांशी त्याचं नातं आहे. भारतातून हे कापड आणि त्याचं नाव इंग्रजांबरोबर बाहेर गेलं आणि पुढे अमेरिकेच्या दमट, उष्ण दक्षिण भागात त्याचे उन्हाळी सूट शिवले जाऊ लागले.

यात वीण साधीच असते, खेळ ताणाचा असतो. मागावर ताण्याचे दोन बीम लावतात. एका बीमचे धागे घट्ट ओढलेले, दुसऱ्याचे सैल सोडलेले. कापड मागावरून उतरलं की घट्ट धागे आखडतात आणि सैल धाग्यांची जास्तीची लांबी फुगून चुण्या होतात. दोन बीम सांभाळायचे म्हणून माग हळू चालवावा लागतो, त्यामुळे कापड महाग पडतं.

या चुण्यांमुळे शर्टाचा बराचसा भाग अंगाला टेकतच नाही. मधून हवा फिरते, घाम वाळतो, कापड चिकटत नाही. सुरकुत्यांचा प्रश्नही मिटतो, कारण कापडच चुण्यांचं, त्यात नवी सुरकुती शोधून सापडत नाही. इस्त्री लागत नाही. केलीच तर चुण्या दबतात आणि पुढच्या धुण्यात परत येतात.

बाजारात याची एक नक्कल मिळते. सपाट सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचे पट्टे छापले की तेवढा भाग आटतो आणि उरलेला फुगतो. ओळखायचं कसं? कापडाच्या काठावरून सपाट पट्ट्यातला एक उभा धागा आणि चुण्यांच्या पट्ट्यातला एक उभा धागा काढा. दोन्ही सरळ करून शेजारी ठेवा. खऱ्या सिअरसकरमध्ये चुण्यांतला धागा स्पष्टपणे लांब भरतो आणि दोन्ही धागे सारखेच मऊ राहतात. नकलेत सोडा लागलेला सपाट भाग मात्र फुगलेल्या भागापेक्षा घट्ट आणि जाडसर लागतो. अशा कापडाच्या चुण्या धुता धुता, इस्त्री करता करता सपाट होत जातात.

कोनमापकानं सुरकुती मोजू

हे सगळं तोंडी सांगून मुलांना पटत नाही. म्हणून आम्ही एक प्रयोग केला, तुम्हीही करा. शिंप्याकडून चिंध्या आणा. प्रत्येक कापडाची ५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पट्टी उभ्या धाग्याच्या दिशेनं कापा. मधोमध दुमडा, दोन वह्यांमध्ये ठेवा आणि वर पाण्याची भरलेली लिटरची बाटली ठेवा. म्हणजे एक किलो वजन झालं. पाच मिनिटांनी पट्टी काढून टेबलावर कडेवर उभी ठेवा, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. आडवी ठेवली तर वजनानं ती मिटते आणि माप चुकतं. आणखी पाच मिनिटांनी कोनमापकानं कोन मोजा. कोन जितका मोठा, तितकं कापड सुरकुतीतून लवकर सावरतं. कापडाच्या प्रयोगशाळांमध्येही याच तत्त्वावर चाचणी करतात.

आमच्याकडे पॉपलीनचा कोन सर्वांत लहान आला, ऑक्सफर्डचा त्याहून मोठा, शर्टाच्या ट्विलचा आणखी मोठा. सिअरसकरची पट्टी सपाट बसतच नव्हती, त्यामुळे तिचा कोन मोजण्यात अर्थ नाही हे मुलांनीच सांगितलं. मग एका मुलीनं पॉपलीनची पट्टी आधी ओलसर करून दुमडली आणि वजनाखालीच वाळू दिली. ती उघडलीच नाही. घाम आणि दप्तर यांचं कोडं तिथे सुटलं. एक सावधगिरी बाळगा : चिंध्या साधारण सारख्या जाडीच्या घ्या. पातळ पॉपलीन आणि जाड ड्रिल यांची तुलना केली तर फरक विणीचा की जाडीचा, ते कळणार नाही.

दुकानात फसगत कुठे होते?

दोन ठिकाणी. एक, खळ. नव्या कापडाला खळ दिलेली असते, त्यामुळे पातळ, विरळ कापडही दुकानात भरदार लागतं. एक कोपरा दोन्ही हातांनी चोळून पाहा. पांढरी भुकटी पडली आणि कोपरा लुळा झाला तर उरलेलं कापडही पहिल्या धुण्यात तसंच होणार. शिवायला देण्याआधी कापड भिजवून वाळवा, म्हणजे खळही जाते आणि आटायचं तेवढं आटतं.

दोन, मिश्रण. "चुरगळत नाही" असं सांगून दिलेल्या शर्टपीसमध्ये बऱ्याचदा पॉलिएस्टर असतं, किंवा सुतावर रसायनाची प्रक्रिया केलेली असते. पॉलिएस्टर ओळखायला दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळून पाहा. हे मोठ्यांनीच करायचं. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिश्रण वाईट असतं असं नाही, पण ज्याला घामोळं उठतं त्याच्या आईला ते कळायला हवं.

मग गणवेशासाठी काय घ्यावं? मुलाला सुतीच हवं असेल आणि रोजची इस्त्री जड जात असेल, तर पांढरं ऑक्सफर्ड किंवा उजेड येण्याइतकं पातळ ट्विल पाहा. लांबून ते गणवेशाच्या कापडात सहज मिसळतं. पॉपलीनच घ्यायचं असेल तर शर्ट जरा सैल शिवा, म्हणजे पाठीला कमी चिकटेल आणि कमी मोडेल. सिअरसकर गणवेशात बसणार नाही, पण सुट्टीतल्या प्रवासासाठी त्याच्यासारखं कापड नाही.

त्या मुलाच्या आईनं दिवाळीनंतर एक शर्ट ऑक्सफर्डचा शिवून घेतला. पॉपलीनचे दोन अजून चांगले आहेत, ते तो घालतोच. परिपाठाला मी आता शर्टाच्या सुरकुत्या पाहत नाही. कॉलर स्वच्छ आहे का, तेवढं बघते.